‘डिलिव्हरेबल’ला मराठीत काय म्हणावे? निमित्त : रक्तदान शिबिराचा आराखडा

मेघना_के : आमच्या गृहसंकुलात एका रविवारी सकाळी नऊ ते दुपारी दोन या वेळेत रक्तदान शिबिर घ्यायचे ठरले असून, त्याचा वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर, म्हणजे मोठ्या कामाची लहान भागांत केलेली फोड, मराठीत लिहिण्याचे माझ्याकडे आले आहे. ‘डिलिव्हरेबल’ आणि ‘टास्क’ या दोन्हींना ‘काम’ म्हटले, की ‘सज्ज सभागृह’ आणि ‘खुर्च्या मांडणे’ एकाच रांगेत येतात. दोन वेगळे शब्द सुचवावेत.

विदुर : ‘कार्य’ आणि ‘उपकार्य’ हे शब्द पुरेसे आहेत. आधी जागा समिती, प्रचार समिती, अल्पोपाहार समिती असे भाग पाडा आणि प्रत्येकीखाली तारीखवार उपकार्ये लिहा.

आराखडेकर : मोठ्याचे लहान करत जायचे, हे विदुर यांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु ‘उपकार्य’ या शब्दामुळे दोहोंतला फरक केवळ आकाराचा वाटतो आणि तो तसा नाही. डिलिव्हरेबल म्हणजे काम संपल्यावर हाती येणारी, पाहून ‘झाले’ किंवा ‘झाले नाही’ असे सांगता येणारी गोष्ट, म्हणून ती नामाने लिहावी. टास्क म्हणजे ती गोष्ट उभी करण्यासाठी कोणीतरी करायची कृती, म्हणून तिथे क्रियापद हवे. समित्यांनुसार फोड केली, तर दोन समित्यांच्या मधली गोष्ट निसटते. रक्तदानानंतर दात्याने थोडा वेळ बसायचे असते. ती जागा मांडणीवाल्यांना खाण्यापिण्याची बाब वाटते आणि अल्पोपाहारवाल्यांना मांडणीची, आणि रविवारी सकाळी ती कोणीच केलेली नसते.

म्हणून ‘सज्ज सभागृह’ याखाली नोंदणीचे टेबल, वजन व हिमोग्लोबिन तपासणीचा कोपरा, रक्तदानाच्या खाटांची जागा आणि विश्रांतीची जागा असे चार भाग लिहा, आणि या चारांची बेरीज वरच्या ओळीएवढीच भरते ना, कमी किंवा जास्त नाही ना, हे तपासा. आता ‘विश्रांतीची जागा’ एवढेच घेऊ. रक्तपेढी सहा खाटा लावणार असेल आणि आडवे होण्यापासून उठेपर्यंत दात्यामागे वीस मिनिटे धरली, तर तासाला अठरा आणि पाच तासांत जास्तीत जास्त नव्वद दाते होतात. प्रत्येक जण पंधरा मिनिटे बसला, तर एका वेळी पाच जण तिथे असतील. सोबतचे नातेवाईक धरून आठ-दहा खुर्च्या पुरतात. मग कृती अशा येतात : खुर्च्या सांगून ठेवणे, शनिवारी संध्याकाळी त्या मांडणे, पाणी व बिस्किटे ठेवणे, चक्कर येणाऱ्याकडे लक्ष देणारा माणूस नेमणे. वेळापत्रकात जातात त्या या कृती, कारण व्यक्ती, वेळ आणि ‘कशानंतर’ हे त्यांनाच लावता येते. वरच्या फोडीत क्रम नसतो. खुर्च्यांचा आकडा खाटांवर आणि खाटांचा आकडा रक्तपेढीच्या लेखी होकारावर अवलंबून आहे, ही साखळी कृती मांडल्यावरच दिसते.

सोपान_वाई : आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानात ‘वक्त्यांची सोय’ अशी एकच ओळ होती. स्थानकावर गाडी गेली, पण मुक्कामाची खोली कोणी ठरवलीच नव्हती. मग फोड करत किती खाली जायचे?

आराखडेकर : एकच माणूस जबाबदार धरता येईल आणि ‘किती वेळ लागेल’ याचे उत्तर तो न अडखळता देईल, तिथे थांबावे. कार्यालयांत सर्वांत खालच्या भागासाठी आठ ते ऐंशी तासांचा अंदाज रूढ आहे. परंतु नोकरी सांभाळून संध्याकाळी दोन तास देणाऱ्या कार्यकर्त्याला ऐंशी तास फार मोठे होतात. आपली ओळ ‘वक्त्यांचा ठरलेला मुक्काम’ अशी वेगळी असती, तर ती रिकामी राहिलेली आधीच दिसली असती.

मेघना_के : टास्कसाठी ‘कृती’ मी घेते. डिलिव्हरेबलसाठी ‘निष्पत्ती’ चालेल का?

विदुर : शाळांमध्ये ‘अध्ययन निष्पत्ती’ रूढ आहे आणि तिथे तिचा अर्थ परिणाम असा आहे. तो धरला, तर शिबिराची निष्पत्ती म्हणजे जमलेले रक्त. ‘देय’ म्हणावे, तर हिशेबनीस बिल समजतील.

आराखडेकर : हा आक्षेप मला पटतो. जमलेल्या पिशव्यांचा आकडा आपल्या हातात नसतो, हिमोग्लोबिन 12.5 पेक्षा कमी भरले किंवा आधीच्या रक्तदानाला पुरुषांच्या बाबतीत तीन महिने आणि स्त्रियांच्या बाबतीत चार महिने झालेले नसले, की दाता परत जातो. आपण ‘वेळ दिलेल्या दात्यांची यादी’ देऊ शकतो, आणि फोडीत तीच लिहावी. माझी पसंती ‘सिद्ध बाब’ या शब्दाला आहे.

सोपान_वाई : ‘सिद्ध बाब’ म्हटल्यावर आमच्याकडे पुरावा मागतील. ‘तयार बाब’ म्हणा.

मेघना_के : आराखड्यात तूर्त ‘तयार बाब’ लिहिते, पण ‘हिशेबाचा ताळेबंद’ शिबिरानंतर होतो, त्याला हा शब्द नीट बसत नाही. कोणाला अधिक नेमका शब्द सुचला, तर जरूर सांगावा.