मदत हवी आहे: 'सम' की 'एनी'? सरावपत्रिकेतली चार उत्तरं नियमाच्या उलट आहेत

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यात एका गावात मी संध्याकाळी पाचवी-सहावीच्या लेकरांची शिकवणी घेते. 'सम' आणि 'एनी' शिकवताना गाईडात असतो तोच नियम फळ्यावर लिहिला होता: होकारार्थी वाक्यात सम, नकारात आणि प्रश्नात एनी. लेकरांनी तो दोन दिवसांत घोकून टाकला. मग बाजारातून आणलेली एक सरावपत्रिका सोडवायला दिली. तिच्यातल्या पाच गाळलेल्या जागा आणि मागच्या पानावर छापलेली उत्तरं अशी:

१. वुड यू लाइक ___ टी? उत्तर: सम
२. डिड यू बाय ___ बनानाज? उत्तर: एनी
३. यू कॅन सिट ऑन ___ चेअर. उत्तर: एनी
४. वुई हॅव हार्डली ___ वॉटर. उत्तर: एनी
५. ___ स्टुडंट्स डिड नॉट कम टुडे. उत्तर: सम

नियमात बसतं ते फक्त दुसरं. पहिलं आणि तिसरं-चौथं 'अपवाद' म्हणून सांगून वेळ निभावली असती, पण पाचव्यावर एक पोरगी अडून बसली. "ताई, यात तर नॉट हाय, मग एनी कामून नाही?" तिला काय सांगू?

तेरणाखोरे

ताई, पाचवं उत्तर छापताना चुकलंय, दुसरं काही नाही. नकार दिसला की एनी, विषय संपला. पहिलं मात्र बरोबर आहे. पाहुण्याला चहापाणी विचारताना सम येतं, तसंच आपण काही मागतो तेव्हाही. 'कॅन आय हॅव सम शुगर?' म्हणतात. ही दोन ठिकाणं वेगळी पाठ करून घ्या. तिसरं-चौथं परीक्षेत फारसं येत नाही, सोडून द्या.

जुना खडू

तेरणाखोरे, चहाचं तुम्ही बरोबर सांगितलंत, पण पाचव्याची छपाई चुकलेली नाही. उलट पाचांत सगळ्यात चांगला प्रश्न तोच आहे आणि त्या पोरीने बरोबर जागी बोट ठेवलंय.

ताई, असं बघा. वर्गात चाळीस लेकरं, आज सहा आली नाहीत. तर 'सम स्टुडंट्स डिड नॉट कम टुडे'. न येणारी सहा जणं खरोखर आहेत, हजेरीपटावर त्यांची नावं आहेत. आपण त्या सहा जणांबद्दलच बोलतोय, म्हणून सम. आता समजा आज एकही लेकरू आलं नाही. मग पोरं काय लिहितात? 'एनी स्टुडंट डिड नॉट कम'. आपण 'कोणताही विद्यार्थी आला नाही' असं बोलतो, तोच क्रम इंग्रजीत उतरतो. पण इंग्रजीत हे वाक्य उभंच राहत नाही. या अर्थाच्या एनीला नकार आपल्या आधी यायला लागतो, आणि इथे वाक्य एनीनेच सुरू होतं, नॉट मागून येतो. म्हणून 'नो स्टुडंट्स केम टुडे' म्हणायचं. किंवा वाक्य फिरवायचं: 'आय डिड नॉट सी एनी स्टुडंट्स'. इथे नॉट आधी आला, एनी मागे, सगळं जागेवर.

म्हणजे नकारी वाक्यात सम चालतंच नाही असं नाही. 'आय डिड नॉट ईट एनी ऑफ द बनानाज' म्हणजे एकही केळ खाल्लं नाही. 'आय डिड नॉट ईट सम ऑफ द बनानाज' म्हणजे काही खाल्ली, काही तशीच राहिली. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, फक्त उरलेल्या केळ्यांचा हिशेब वेगळा.

पूर्णाकाठ

सर, पाचवं समजलं, उद्या हजेरीपट घेऊनच सांगते. पण मग चौथ्यात नॉट कुठेय? आणि तिसरं तर सरळ साधं होकारार्थी वाक्य आहे, तरी एनी?

भरतीवाला_लातूर

सम म्हणजे थोडे ना? मग चौथ्यात 'फ्यू' का नाही टाकत? फ्यू आणि अ फ्यू वर आमच्या क्लासमध्ये लई प्रश्न घेतात.

जुना खडू

भरतीवाले भाऊ, फ्यू मोजता येणाऱ्या वस्तूंना लागतं. पाण्याला 'लिटल' लागेल, आणि हार्डलीच्या मागे तेही बसत नाही. तो वेगळा विषय आहे, वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

ताई, चौथ्यात नॉट दिसत नाही, पण नकार आहे. हार्डली म्हणजे जवळजवळ नाहीच. टँकर आला नाही, रांजणाच्या तळाला तांब्याभर उरलंय, अशा दिवशी 'वुई हॅव हार्डली एनी वॉटर' म्हणायचं. नेव्हर, विदाउट, रेअरली हेही याच घरातले. 'ही वेन्ट टू द फील्ड विदाउट एनी वॉटर'. लेकरांना नॉट शोधायला लावू नका. वाक्य वाचून झाल्यावर वस्तू हातात उरते की नाही, एवढं विचारा. नाही किंवा नसल्यासारखी, तर एनी.

तिसऱ्यातला एनी मात्र वेगळा. त्याचा नकाराशी काहीच संबंध नाही. 'यू कॅन सिट ऑन एनी चेअर', म्हणजे ही खुर्ची, ती खुर्ची, कोणतीही घे, मला फरक पडत नाही. बोलताना या एनीवर जोर येतो. पोरांना ओळखायला एक खूण: वाक्यात निवड करायची मोकळीक दिलेली असते आणि बरेचदा कॅन असतो. 'टेक एनी बस फ्रॉम हिअर', इथून सुटणारी कुठलीही बस चालेल. हाच एनी वाक्याच्या सुरुवातीलाही चालतो: 'एनी स्टुडंट कॅन डू धिस'. पाचव्यात जागा नडली ती नकाराच्या एनीची, मोकळीकीच्या एनीला ती अडचण नाही. तेरणाखोरे म्हणतात तसं हे सोडून देऊ नका. रोजच्या बोलण्यात हा एनी फार लागतो.

वेरूळचा दुकानदार

मी लेण्यांजवळ पाण्याच्या बाटल्या, नारळपाणी विकतो. व्याकरण येत नाही, ऐकून ऐकून शिकलोय. फॉरेनचे पाहुणे आले की मी 'डू यू वॉन्ट एनी वॉटर?' असंच विचारतो. एकानेही तोंड वाकडं केलं नाही, बाटल्या बी खपतात. मग हे चूक कसं म्हणता?

जुना खडू

भाऊ, चूक म्हणालोच नाही. 'डू यू वॉन्ट एनी वॉटर?' हे चांगलं इंग्रजी आहे, इंग्रजी ज्यांची मायबोली आहे तेही असं म्हणतात. फरक सुराचा आहे. एनी वापरलं की प्रश्न दोन्ही बाजूंना मोकळा राहतो: हवंय की नको, काहीही सांगा. सम वापरलं की विचारणाऱ्याने होकार धरलेला असतो. 'वुड यू लाइक सम वॉटर?' म्हणताना बाटली अर्धी पुढे केलेली असते. पाहुणा दारात आल्यावर आपण चहा ठेवायला उठतच विचारतो, तिथे सम शोभतं. म्हणून चहाच्या वाक्याला पत्रिकेने सम हे उत्तर दिलं. पण 'वुड यू लाइक एनी टी?' लिहिणाऱ्या लेकराच्या वाक्यावर तांबडी फुली मारावी, इतकं ते चुकीचं नाही.

आणि हीच गोष्ट दुसऱ्या प्रश्नाला लागू आहे, तिथे पत्रिकाच कच्ची पडते. पोरगं अर्धापूरहून आलं, पिशवीत काय आहे आईला माहीत नाही. ती विचारेल 'डिड यू बाय एनी बनानाज?' आता समजा पिशवीतून केळ्याचे देठ बाहेर दिसतायत. तीच आई म्हणेल 'डिड यू बाय सम बनानाज?' कारण उत्तर हो येणार हे तिला दिसतंय. नुसत्या गाळलेल्या जागेवरून यातली कोणती आई बोलतेय ते कळत नाही. मग एकच उत्तर बरोबर कसं धरायचं?

तेरणाखोरे

सर, तुमचं सगळं खरं असेल, पण पेपर तपासणारा केळ्याचे देठ बघत नाही. त्याच्यापुढे उत्तरपत्रिकेची किल्ली असते. सहावीच्या पोराला तुम्ही 'दोन्ही चालतं' सांगितलं की ते प्रत्येक जागेत अंदाजाने काहीतरी भरतं. आधी नियम पक्का होऊ द्या, अपवाद आठवी-नववीत. पाचव्याचं मात्र मी मान्य करतो.

जुना खडू

किल्लीचा मुद्दा खरा आहे, मार्क जातात. पण चहा-पाणी विचारणं हे पोराच्या पहिल्या दहा वाक्यांतलं आहे, ते नववीपर्यंत कसं थांबवणार? मी असतो तर नियम फळ्यावर लिहिण्याआधी पिशवी टेबलावर ठेवून विचारलं असतं. यावर आपलं जमणार नाही असं दिसतंय.

पूर्णाकाठ

तुम्हा दोघांचं वाचून मी मधला रस्ता काढतेय. जागा त्याच ठेवते, पण प्रत्येक वाक्याच्या वर प्रसंगाची एक ओळ मराठीत लिहिते. उदाहरणार्थ: 'आईला पिशवीत काय आहे माहीत नाही', 'पाहुणे ओसरीवर बसलेत', 'वर्गातली सहा लेकरं गैरहजर आहेत'. मग एका जागेला एकच उत्तर उरेल. बाजारातल्या पत्रिकेसाठी मात्र होकार, नकार, प्रश्न हाच नियम आणि देण्या-मागण्याला सम, एवढं तात्पुरतं ठेवते.

अजून एक राहिलं. वर्गात निम्मी पोरं 'आय डोन्ट हॅव एनी पेन' म्हणतात. नियमाने बरोबर आहे, पण कानाला खटकतं.

जुना खडू

तुमचा कान बरोबर आहे. मोजता येणारी एकच वस्तू असेल तर 'आय डोन्ट हॅव अ पेन'. एनी घ्यायचं तर अनेकवचन करा, 'एनी पेन्स'. पाणी, साखर, दूध यांना अनेकवचन नाही, तिथे 'एनी मिल्क' तसंच राहतं. तुमच्या तिसऱ्या वाक्यात 'एनी चेअर' एकवचनी आहे ते चालतं, कारण तो कोणत्याही खुर्चीवाला एनी आहे.

वेरूळचा दुकानदार

सर, मग एक सांगा. काल एक बाई पाचशेची नोट पुढे करून म्हणाल्या, 'डू यू हॅव सम चेंज?' प्रश्न होता तरी सम. माझा गल्ला उघडाच होता, सुट्टे दिसत होते. म्हणून का?

पूर्णाकाठ

दादा, मला वाटतं दोन्ही कारणं. सुट्टे दिसत होते, आणि त्या मागतही होत्या. गल्ला बंद असता तर कदाचित एनी म्हणाल्या असत्या. सर, बरोबर का?

जुना खडू

बरोबर. फक्त गल्ला बंद असतानाही मागायच्या सुरात सम येऊ शकतं, ते बाईंच्या घाईवर आहे.