अनुभव धागा: कागद ‘आहे’ की ‘पूर्ण आहे’? प्रवेशाची फाईल पुढच्या टेबलावर देण्याआधी

निळी_शाई
जूनमध्ये आमच्या कार्यालयात फाईल तीन टेबलं फिरते. माझ्याकडे कागदांची तपासणी, मग जनरल रजिस्टरला नोंद, मग ऑनलाइन. गेल्या वर्षी पहिलीची एक फाईल मी यादीतल्या सगळ्या चौकटींत खुणा करून पुढे दिली आणि दहा दिवसांनी ती परत माझ्याच पुढ्यात. आधारशी तारीख जुळेना म्हणून ऑनलाइनवाल्या मॅडम अडल्या होत्या. दाखला काढून पाहिला. मुलगा २८ जूनचा, नोंदणी ९ जुलैची. पालकांनी अर्जात ९ जुलै लिहिलं होतं, आणि रजिस्टरवाल्या भाऊंनी अर्जावरूनच उतरवलं. मी पाहिलं काय, तर ‘जन्मदाखला जोडला आहे’. जोडला होताच की! तुमच्याकडे ‘पूर्ण’ कशाला म्हणतात? अनुभव लिहा.

दौत_टाक
मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालो. ही चूक जुनीच आहे, कारण जन्मदाखल्यावर दोन-तीन तारखा असतात आणि नोंदणीची तारीख पुष्कळदा ठळक दिसते. आमची पद्धत अशी: अर्ज पालथा ठेवायचा, एकाने दाखल्यावरून तारीख मोठ्याने वाचायची, मग दुसऱ्याने अर्ज उलटून ताडायचं. समोर अर्ज उघडा असला की डोळा तेच वाचतो जे आधी वाचलेलं असतं.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मी अक्षरी तारीख आधी वाचायचो. एकदा पाचवीत आलेल्या मुलीच्या दाखल्यावर अंकी ०५/०७ आणि अक्षरी ‘सात मे’. शिक्का, सही, रजिस्टर नंबर सगळं जागच्या जागी. दोन्हींतलं खरं कोणतं हे आपण ठरवायचं नाही. आधीच्या शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा मागवला, त्यात पाच जुलै निघाली, आणि दाखला दुरुस्त होऊन आल्यावरच फाईल सरकली. आठवडा गेला. पण एकदा रजिस्टरला चढलं की खाडाखोड चालत नाही. जन्मतारखेच्या दुरुस्तीचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो आणि त्याला आठवडा नाही, महिने लागतात.

घंटा_झाली
आमच्याकडे सरळ हिशेब. दाखला नाही तर फाईल घ्यायचीच नाही, पालकाला परत पाठवायचं. अपूर्ण काही पुढे जातच नाही, मग प्रश्नच मिटला.

दौत_टाक
घंटा_झाली, नववी-दहावीचं बाजूला ठेवू. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायदा २००९ आडवा येतो. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. मूल वर्गात बसवायचं, कागद मागे लागून मिळवायचा.

घंटा_झाली
बरं, कायदा मान्य. पण मग तो कागद मागायचा कोणी, तुम्ही की पुढच्या टेबलाने?

आईची_सही
मी पालक आहे. माझ्या मुलीच्या आधारवर आडनाव शेवटी आहे आणि जन्मदाखल्यावर आधी. फाईल परत येईल का? दोन्हींच्या किती झेरॉक्स आणू?

निळी_शाई
ताई, झेरॉक्सचा प्रश्न नाही इथे :) नावांचा क्रम वेगळा असला तर आम्ही अडवत नाही, स्पेलिंग मात्र अक्षर न् अक्षर बघतो. मूळ जन्मदाखला सोबत आणा, तो महत्त्वाचा.

टाचणी
घंटा_झाली यांच्या प्रश्नावर आमचं उत्तर: ज्याने कमी पकडली त्यानेच मागायचं. फाईलच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवतो. काय बाकी, कोणाला सांगितलं, कोणत्या तारखेला. नुसतं ‘दाखला बाकी’ लिहिलं तर पुढच्याला कळत नाही, दाखला आलाच नाही की आलाय पण शिक्का राहिला. पूर्वी चिठ्ठी टाचणीने लावायचो. एका जूनमध्ये तीन चिठ्ठ्या कपाटाखाली सापडल्या, त्या फाईली मात्र ‘पूर्ण’ म्हणून केव्हाच नोंदल्या गेल्या होत्या. तेव्हापासून डिंक.

खडू_बिडू
चिठ्ठी ठीक आहे, पण मला पटत नाही की अपूर्ण फाईल पुढे जावी. आमच्याकडे मूल वर्गात, फाईल मात्र पहिल्याच टेबलावर. तोटा एवढाच की तोपर्यंत हजेरीपटावर त्याचं नाव पेन्सिलीने असतं, आणि वर्गशिक्षक रोज येऊन विचारतात.

टाचणी
आणि पहिल्या टेबलावरची व्यक्ती रजेवर गेली की?

खडू_बिडू
तेच झालं ना ऑगस्टमध्ये. पेन्सिलीची चार नावं तशीच राहिली.

निळी_शाई
यंदा मी यादीतली चौकटच बदलली. ‘जन्मदाखला जोडला’ऐवजी ‘दाखल्यावरची जन्मतारीख’ असा रिकामा रकाना, खूण करायची नाही, हाताने लिहायची. वेळ जास्त जातो, रांगेतले पालक कुरकुरतात. भाऊ मात्र अजून अर्जावरूनच उतरवतात. माझ्या रकान्यातून उतरवा म्हटलं तर म्हणतात, ‘तुमचं अक्षर लागत नाही.’