चौथ्या दिवशीचा ताप

«तासाभरात अँटिबायोटिक दिले, तरी चौथ्या दिवशीही ताप आहे. बुरशीविरोधी औषध सुरू करावे का?»

बीडहून लातूरला आलेला, रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण समजा: ताप 38.5 अंश, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, जेमतेम 100. कल्चरसाठी रक्त घेऊन, अहवालाची वाट न पाहता स्यूडोमोनास या जंतूवर चालणारे पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम हे अँटिबायोटिक सुरू केले, हे योग्यच झाले. आता या पेशी आणखी आठवडाभर वाढणार नसतील, तर चार ते सात दिवसांच्या तापानंतर कॅस्पोफंगिन किंवा लिपोसोमल अँफोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध जोडावे. मात्र त्याआधी छातीचा सीटी स्कॅन करावा, कारण न्यूट्रोफिल नसताना साध्या एक्स-रेमध्ये बुरशीच्या गाठी सहज निसटतात. रक्तदाब घसरत असेल, तर स्कॅनसाठीही थांबू नये. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णात पेशी बहुधा लवकर सावरतात, म्हणून तिथे मी घाई करणार नाही.