मदत हवी आहे: सहयोगी कंपनीतील ३० टक्के हिश्श्याचा नफा आणि इम्पेअरमेंट कसे तपासावे?

ताळेबंद (धागाकर्ता): गटाच्या एकत्रित हिशेबांचे लेखापरीक्षण संपत आले आहे आणि मी एका सहयोगी कंपनीपाशी अडकलो आहे. ३० टक्के हिस्सा त्यांच्या वर्षाच्या पहिल्या दिवशी ६०० लाखांना घेतला. त्यांचा नफा २०० लाख असल्याने व्यवस्थापनाने ६० लाख वाटा धरून पुस्तकी मूल्य ६६० लाख दाखवले आहे. वापरमूल्य ७२० लाख येते, म्हणून इम्पेअरमेंट नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. गुणाकार मी तपासला, तो बरोबर आहे. आणखी काय पाहावे, ते कृपया आजच सांगा.

संयुक्त_खाते: आमच्या संयुक्त उपक्रमात आम्ही प्रत्येक मालमत्तेचा आणि देण्याचा आपला हिस्सा ओळीओळीने घेत होतो. तुम्हीही तसेच करा, म्हणजे हा प्रश्नच उरणार नाही.

खतावणी: ती पद्धत आयएफआरएस ११ लागू झाल्यापासून, म्हणजे २०१३ पासून, संयुक्त उपक्रमांसाठी उरलेली नाही, आणि इथे तर सहयोगी कंपनी आहे. ताळेबंद, तुम्ही मुख्य माहितीच दिलेली नाही. त्यांची वर्षअखेर कोणती? हिस्सा घेताना त्यांच्या मालमत्तांचे वाजवी मूल्य काढले होते का? तुमचा गट त्यांना माल विकतो का? शेअर सूचीबद्ध आहेत का?

ताळेबंद: त्यांची वर्षअखेर ३१ डिसेंबर, आमची ३१ मार्च, हिशेब लेखापरीक्षित आहेत. खरेदीच्या वेळी यंत्रसामग्रीचे वाजवी मूल्य पुस्तकी मूल्यापेक्षा २०० लाखांनी जास्त होते आणि तिचे आयुष्य १० वर्षे उरले होते. आम्ही त्यांना विकलेल्या मालावर ४० लाख नफा झाला, पण त्यातला निम्मा माल त्यांच्याकडे अजून पडून आहे. शेअर सूचीबद्ध असून ३१ मार्चच्या भावाने आमच्या हिश्श्याची किंमत ५२० लाख होते. हे सगळे वेगळे मुद्दे आहेत, असे मला वाटले होते.

खतावणी: नाहीत, नफ्याचा वाटा याच गोष्टींनी बदलतो. वाढीव २०० लाखांवर दर वर्षी २० लाख घसारा येतो. तो त्यांच्या पुस्तकांत नसतो, कारण त्यांनी काहीच विकत घेतलेले नाही. तुम्ही घेतले आहे. त्यातला तुमचा भाग ६ लाख. पडून असलेल्या मालावरचा नफा २० लाख, त्याचे ३० टक्के म्हणजे आणखी ६ लाख वगळावे लागतील. स्थगित कर बाजूला ठेवला तर वाटा ६० नव्हे, ४८ लाख होतो आणि पुस्तकी मूल्य ६४८ लाख. तारखांमधला तीन महिन्यांचा फरक आयएएस २८ च्या मर्यादेत बसतो, पण जानेवारी ते मार्च या काळात मोठा व्यवहार किंवा घटना घडली असेल, तर तिचे समायोजन हवे. त्यासाठी त्यांच्या संचालक मंडळाची इतिवृत्ते मागवा.

तेरीज: शेअरचा भाव वरखाली होतच राहतो, त्याकडे लक्ष देऊ नये. गुडविल मात्र दर वर्षी वेगळे तपासावे आणि एकदा कमी केले की ते परत वाढवता येत नाही.

खतावणी: उपकंपनीच्या गुडविलबाबत तुमचे म्हणणे बरोबर आहे. इथे गुडविल गुंतवणुकीच्या मूल्यातच सामावलेले असते, म्हणून संपूर्ण गुंतवणूक एकच मालमत्ता समजून आयएएस ३६ नुसार तपासतात आणि पुढे वसूलयोग्य रक्कम वाढली तर इम्पेअरमेंट उलटवताही येते. भाव खर्चाच्या बराच खाली गेला किंवा दीर्घकाळ खाली राहिला, तर तो वस्तुनिष्ठ पुरावा ठरतो. ६०० ऐवजी ५२० हा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. वापरमूल्याच्या ७२० लाखांची कार्यपत्रिका उघडून पाहा: रोख प्रवाह कर्जफेडीच्या आधीचे असतील, तर कंपनीचे निव्वळ कर्ज वजा झाले आहे का?

ताळेबंद: नाही झालेले. त्यांनी संपूर्ण कंपनीचे मूल्य २४०० लाख काढले आणि थेट ३० टक्के घेतले. निव्वळ कर्ज ५०० लाख आहे. ते वजा केल्यावर १९०० लाखांचे ३० टक्के, म्हणजे ५७० लाख येतात. बाजारभाव त्याहून कमी असल्याने वसूलयोग्य रक्कम ५७० लाख धरली, तर इम्पेअरमेंट ७८ लाख होते.

खतावणी: हिशेब बरोबर आहे, पण ५७० वर लगेच विसंबू नका. बाजार ५२० म्हणत असताना व्यवस्थापनाला ५० लाख जास्त का दिसतात, याचा खुलासा लेखी घ्या आणि वाढीचा दर थोडा कमी केल्यावर आकडा किती खाली येतो तेही पाहा.

रोजमेळ: आमच्याकडे संयुक्त उपक्रमाचा तोटा गुंतवणुकीपेक्षा जास्त झाला आणि आम्ही वाटा घेणे थांबवले. त्यांना दिलेले दीर्घ मुदतीचे कर्ज निव्वळ गुंतवणुकीचाच भाग होते, हे नंतर लक्षात आले. तुमच्या गटाने असे कर्ज दिले असेल, तर तेही तपासा.

ताळेबंद: कर्ज दिलेले नाही. व्यवस्थापनाने ४८ लाखांचा वाटा मान्य केला आहे. वाढीच्या दरावर मात्र ते अडून बसले आहेत आणि इतिवृत्ते अजून मिळालेली नाहीत. मालावरचे ६ लाख विक्रीतून वगळायचे की नफ्याच्या वाट्यातून, यावर आमच्याच चमूत दोन मते आहेत.

खतावणी: आयएएस २८ त्याची जागा सांगत नाही आणि दोन्ही प्रकार पाहायला मिळतात. गटाने मागच्या वर्षांत अशा व्यवहारांसाठी जी पद्धत वापरली, ती बदलली नाही ना, एवढे पाहा. इतिवृत्ते हाती येईपर्यंत मात्र मी सही केली नसती.