मदत हवी: तिघांसाठी फ्रिज, इन्व्हर्टर कॉम्प्रेसर की साधा? सर्व्हिस सेंटर ५५ किमीवर

घडवंची
घरात आम्ही तिघं. दोन फ्रिजांवर गाडी अडली आहे. पहिला १९० लिटरचा एकदारी, डायरेक्ट कूल, साधा कॉम्प्रेसर. दुसरा २४० लिटरचा दोनदारी, फ्रॉस्ट फ्री, इन्व्हर्टर कॉम्प्रेसर, दारावर 'कॉम्प्रेसर १० वर्षं वॉरंटी' असा भलामोठा स्टिकर. ब्रँड वेगवेगळे. गाव लहान आहे, दोन्ही ब्रँडची अधिकृत सर्व्हिस ५५ किमीवर. गावात एक मेकॅनिक आहे, हाताला चांगला. संध्याकाळी व्होल्टेज १७० पर्यंत उतरतं. ब्रँड कुठला घ्यावा?

साखळीकडी
सोपं आहे. मेकॅनिकच्या दुकानात चक्कर मारा. ज्या ब्रँडचे फ्रिज उघडून ठेवलेले कमी दिसतील तो घ्या.

तांबेनळी
साखळीकडी, दुकानात चक्कर मारायचं बरोबर आहे, पण मोजायचं ते वेगळं. जो जास्त खपतो तोच जास्त उघडलेला दिसणार. मेकॅनिकला विचारायचं ते हे: "यातला कोणता फ्रिज आला तर तुम्ही हात लावणार नाही?" त्याच्या उत्तरात ब्रँडचं नाव येईल किंवा येणार नाही, पण भाग नक्की येईल. बहुतेक वेळा तो भाग म्हणजे इन्व्हर्टर बोर्ड.

घडवंची, आधी तो स्टिकर. दहा वर्षं असतात ती फक्त कॉम्प्रेसरच्या डब्याला. त्याला चालवणारा बोर्ड, गॅस, मजुरी आणि ५५ किमीची फेरी हे सगळं त्यात येतंच असं नाही. वॉरंटी कार्डावर बोर्डाची मुदत वेगळ्या ओळीत शोधा. ती ओळच नसेल तर बोर्ड सर्वसाधारण वॉरंटीत धरा, आणि ती बरीच लहान असते.

साध्या कॉम्प्रेसरवर बसतात रिले आणि ओव्हरलोड, काहींना एक कपॅसिटर. हे तीनही भाग गावात मिळतात आणि जुळणारे लावता येतात. इन्व्हर्टरचा बोर्ड मात्र त्या कॉम्प्रेसरपुरताच चालतो, शेजारच्या मॉडेलचा बसत नाही. म्हणजे तुमचा प्रश्न खरं तर 'त्या एका बोर्डाला किती दिवस लागतील' असा आहे.

आणि ब्रँड एक असला तरी मागचा कॉम्प्रेसर त्याच कंपनीचा असतो असं नाही. मागे वाकून डब्यावरचं लेबल वाचा. तिथे एम्ब्राको, सेकॉप, जीएमसीसी अशी नावंही दिसतील.

उंबरठा
इन्व्हर्टर फ्रिज घेतला तर वीज गेल्यावर घरचा इन्व्हर्टर लागत नाही ना? सेल्समन तसंच काहीतरी म्हणाला.

तांबेनळी
नाही हो, नुसतं नाव सारखं आहे. फ्रिजमध्ये बॅटरी नसते. त्यातला इन्व्हर्टर मोटरचा वेग कमीजास्त करतो, एवढंच. वीज गेली की तोही बंद. फायदा असा की मोटर हळूहळू वेग घेते, म्हणून सुरू होताना झटका बसत नाही आणि घरच्या इन्व्हर्टरवर ती सहज चालते. साधा कॉम्प्रेसर सुरू होताना चालू भाराच्या कितीतरी पट करंट ओढतो, त्यामुळे लहान इन्व्हर्टर ट्रिप होतो. फ्रॉस्ट फ्रीत मात्र बर्फ वितळवणारा हीटर असतो. तो लागला की तेवढा वेळ दीडदोनशे वॅट जातात.

घडवंची
आणि १७० व्होल्टचं काय?

तांबेनळी
तिथे साधा कॉम्प्रेसर अडकतो. सुरू होण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० वरून १७० वर आलात की जोर जेमतेम ५५ टक्के उरतो. मोटर हुंकारते, फिरत नाही, ओव्हरलोड तापून 'टक्' करतो, निवला की पुन्हा प्रयत्न. मागून दर काही मिनिटांनी असा टक् आवाज आला तर फ्रिज बिघडला म्हणण्याआधी सॉकेटमधलं व्होल्टेज मोजा. साध्याला म्हणून स्टॅबिलायझर हवाच, आणि तीन मिनिटं उशिरा सुरू करणारा. बंद पडल्यावर नळ्यांतला दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो.

इन्व्हर्टरवाला १७० सहज सोसतो. त्याला भीती आहे ती वीज परत येतानाच्या उसळीची. 'स्टॅबिलायझरची गरज नाही' असं लिहिलेलं असतं ते लेबलवर छापलेल्या मर्यादेच्या आतच खरं.

ओलसर_भिंत
माझ्या इन्व्हर्टर फ्रिजला तीन वर्षं झाली. दिवा लागतो, थंडावा नाही. मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसर गेला. वॉरंटीत बदलून मागू का?

तांबेनळी
आधी मोजायला सांगा. प्लग काढून दहा मिनिटं थांबायचं, बोर्डवरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट साठलेले असतात. मग कॉम्प्रेसरचा तीन पिनांचा कनेक्टर ओढून दोन-दोन पिनांत ओहम पाहायचे. तिन्ही जोड्यांत आकडा सारखा यायला हवा, समजा ९, ९, ९. आणि कुठलीही पिन व बाहेरचा डबा यांच्यात काहीच दिसता कामा नये. असं आलं तर वाइंडिंग ठीक आहे, संशय बोर्डावर. बोर्डवरचा लहान दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून सर्व्हिसला सांगा, त्याचा अर्थ मॉडेलप्रमाणे बदलतो.

साध्या कॉम्प्रेसरचं गणित वेगळं: तिथे १४, १९, ३३ असं येतं, दोन लहान आकड्यांची बेरीज म्हणजे तिसरा. इन्व्हर्टरचं वाइंडिंग तपासताना ही बेरीज शोधणारा मेकॅनिक चांगला कॉम्प्रेसर मोडीत काढतो. पण एक लक्षात ठेवा, आतला पिस्टन जाम असेल तर ते ओहममध्ये दिसत नाही.

ओलसर_भिंत
८.७ तिन्हीकडे. डब्याशी काही नाही. दिवा पाचदा लुकलुकून थांबतो.

तांबेनळी
मग कॉम्प्रेसरच्या नावाने तक्रार लिहू नका, हे आकडे लिहा.

साखळीकडी
यापेक्षा साधाच बरा म्हणायचा. गॅससुद्धा गावातच भरून मिळतो.

तांबेनळी
गॅसला साधा-इन्व्हर्टर हा भेद नाही. हल्लीच्या दोन्हींत बहुधा आर-६००ए असतो, कॉम्प्रेसरच्या लेबलवर लिहिलेलं असतं. तो पेट घेतो आणि घरगुती फ्रिजमध्ये साधारण ३० ते ६० ग्रॅमच लागतो, म्हणून वजनकाट्यावर भरावा लागतो. गेजच्या अंदाजाने भरला की पाचदहा ग्रॅम जास्त होतात, मग कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या नळीवर दव किंवा बर्फ धरतो. काहीजण त्याऐवजी आर-१३४ए भरून देतात. ६००ए साठी बनलेल्या कॉम्प्रेसरवर त्याने फार भार येतो आणि मोटर तापते. घडवंची, तुमच्या मेकॅनिककडे ग्रॅम दाखवणारा काटा आणि व्हॅक्यूम पंप आहे का, तेवढं बघून या.

घडवंची
पंप आहे, काटा नाही, म्हणाला घेतो. दोन्ही कंपन्यांना फोन करून पिनकोड आणि मॉडेल क्रमांक देऊन इन्व्हर्टर बोर्ड व मेन बोर्ड किती दिवसांत येईल ते विचारलं. इन्व्हर्टरवालीने "इंजिनिअर येऊन सांगेल" एवढंच तीनदा सांगितलं. एकदारीवाली म्हणाली की आमच्याकडे येणारा माणूस दर मंगळवारी या बाजूला फिरतो. तिच्याच १९० लिटरमध्ये इन्व्हर्टरचंही मॉडेल निघालं. त्याचा बोर्ड सेंटरला ठेवलेला असतो म्हणे. हे लेखी कसं मागायचं?

उंबरठा
फ्रीजरमध्ये बर्फ साचणार ते चालेल का? नाही, आमच्याकडे दर पंधरा दिवसांनी सुरीने खरवडतात.

तांबेनळी
सुरी नको, ॲल्युमिनियमच्या फ्रीजरला टोक लागून गॅस गेला की तो दुरुस्त होणं कठीण. बटण दाबून वितळू द्या.

लेखी मागायचं तर ईमेलवर मॉडेल क्रमांक घालून विचारा: "हा बोर्ड अमुक सेंटरवर साठ्यात आहे का, नसल्यास किती दिवस?" दुकानदाराच्या बिलावर लिहून घेण्यात अर्थ नाही, बोर्ड तो देणार नाही.

मधली_फळी
तिघांसाठी इन्व्हर्टर एकदारीत वीज फार वाचत नाही, असं मला वाटतं. लहान खोका आहे, मुळात वीज कमी लागते. १७० व्होल्टसाठी घेत असाल तर ते वेगळं.

घडवंची
त्यासाठीच. ईमेलचं उत्तर आलं की इथे टाकते.