मदत हवी आहे: पंधरा दिवसांनी तीच प्रश्नावली, सहसंबंध ०.८१, पण सरासरी घसरली. हे कसं मांडू?

सायंतारा

नर्सिंगच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी वॉर्डमधल्या परिचारिकांचा थकवा मोजायची प्रश्नावली केली आहे. १६ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे एकूण ० ते ६४. गुण जास्त तितका थकवा जास्त. प्रत्येक प्रश्न "गेल्या सात दिवसांत" असा सुरू होतो.

पुनर्चाचणीसाठी गाईडनी पंधरा दिवसांचं अंतर सांगितलं, तसंच केलं. पहिल्यांदा ४६ जणींनी भरली, दुसऱ्यांदा ३८ जणींनीच. त्या ३८ जणींचे आकडे असे: पहिली सरासरी ३१.२, प्रमाण विचलन ९.०. दुसरी सरासरी २७.६, प्रमाण विचलन ८.८. सहसंबंध ०.८१.

गाईड म्हणतात ०.७० च्या वर आहे, विषय संपला. माझ्या बॅचमधली मैत्रीण म्हणते पेअर्ड टी-टेस्ट लाव. लावली तर फरक ठळकपणे सिग्निफिकंट आला. आता ती म्हणते प्रश्नावली विश्वासार्ह नाही. दोघांचं एकदम कसं खरं असेल? आणि पंधरा दिवस हे अंतर मुळात बरोबर होतं का? व्हायव्हात हे विचारणार हे नक्की.

पाटीपेन्सिल

०.८१ चांगलाच आहे, काळजी करू नका. क्रॉनबाख अल्फा किती आला? तो ०.८० च्या वर असेल तर विश्वासार्हतेचा प्रश्नच उरत नाही.

सायंतारा

अल्फा ०.८८ आहे. पण तो एकाच दिवशीच्या उत्तरांवरून काढला आहे ना? मला विचारायचंय ते दोन दिवसांमधल्या फरकाबद्दल.

पाटीपेन्सिल

हो, ते खरं. मी प्रश्न घाईत वाचला. अल्फा म्हणजे सोळा प्रश्न एकमेकांशी किती जुळतात एवढंच. पंधरा दिवसांनी काय होईल ते तो सांगत नाही.

रेघोटी

माझा अनुभव सांगते. भाषांतरित प्रश्नावली होती, १० प्रश्नांची. लोक पुन्हा भेटतील की नाही या भीतीने दोनच दिवसांनी परत भरून घेतली. सहसंबंध ०.९६! मी खूश. मग एका काकूंनी सहज सांगितलं, "मागच्या वेळी काय लिहिलं होतं ते आठवून तसंच लिहिलं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी खोटं बोलतेय." आणखी चौघांना विचारलं, तिघांनी तेच सांगितलं. त्यांची आठवण मोजली गेली होती, प्रश्नावली नाही. म्हणून माझं मत, जितकं लांब अंतर तितकं चांगलं. महिना ठेवा.

तागडी

रेघोटीताईंचा पहिला अर्धा भाग अगदी बरोबर आहे, महिन्याचा सल्ला मात्र इथे चालणार नाही. स्वभावासारखी वर्षानुवर्षं टिकणारी गोष्ट मोजत असाल तर महिना काय, दोन महिनेही चालतील. थकवा आठवड्यात बदलतो. महिन्याने सहसंबंध ०.५५ आला तर प्रश्नावली डळमळीत आहे की माणसाचा थकवाच बदलला, हे त्या एका आकड्यावरून कधीच कळणार नाही. अंतर निवडताना दोन्ही बाजू पाहाव्या लागतात: उत्तरं विसरली जावीत, पण मोजायची गोष्ट बदलू नये.

सायंतारा, आधी तुमच्या गाईड आणि मैत्रिणीचं भांडण मिटवतो. सहसंबंध फक्त क्रम आणि प्रमाण पाहतो. पहिल्या वेळी जी वर होती ती दुसऱ्या वेळीही वर राहिली का, एवढंच. समजा प्रत्येकीचे गुण बरोबर १० ने कमी झाले असते, तर सहसंबंध चक्क १ आला असता आणि टी-टेस्टने आरडाओरडा केला असता. म्हणून गाईड आणि मैत्रीण दोघांचे आकडे बरोबर, निष्कर्ष दोघांचेही घाईचे. तुमची सरासरी ३.६ ने उतरली, ते सहसंबंधाला दिसलंच नाही. टी-टेस्टला दिसलं, पण कशामुळे उतरली ते तिला सांगता येत नाही.

सरासरीतला बदलही हिशेबात धरणारा आकडा हवा असेल तर आयसीसी म्हणजे इंट्राक्लास कोरिलेशन काढा, त्यातही "निरपेक्ष सहमती"चा प्रकार. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून हाताने केला तर साधारण ०.७५ येतो. ०.८१ वरून ०.७५, ही घट त्या ३.६ गुणांची. आर वापरत असाल तर, v1 आणि v2 हे दोन वेळचे एकूण गुण धरून:

```r
library(psych)
ICC(d[, c("v1", "v2")])
```

उत्तरात सहा ओळी येतील, त्यातली `ICC2` ची ओळ बघा. `ICC3` बघाल तर परत ०.८१ च्या आसपासच मिळेल, कारण तो प्रकार सरासरीतला बदल सोडून देतो. थिसिसमध्ये नुसतं "आयसीसी" लिहू नका, कुठला ते लिहा.

आता मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. दुसऱ्या वेळी न आलेल्या ८ जणी कोण होत्या? आणि या पंधरा दिवसांत ड्युट्या बदलल्या का?

सायंतारा

ड्युट्या दर पंधरा दिवसांनी बदलतात. हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. आज रोस्टर काढून नावानिशी जुळवलं.

न आलेल्या ८ जणी दुसऱ्या वेळी नाईटला होत्या. मी फॉर्म सकाळच्या मीटिंगमध्ये भरून घेतले, त्या आदल्या रात्रीची ड्युटी संपवून घरी गेलेल्या. आणि ज्या आल्या त्यातल्या ११ जणी पहिल्या वेळी नाईटला होत्या, दुसऱ्या वेळी दिवसाच्या पाळीत.

त्या ११ जणींची सरासरी ३५.६ वरून २६.९. उरलेल्या २७ जणी दोन्ही वेळा दिवसाच्याच पाळीत होत्या, त्यांची २९.४ वरून २७.९, आणि त्यांचा सहसंबंध ०.८७.

तागडी

मग घसरणीचा मोठा भाग कुठून आला ते दिसलं. ११ जणी नाईटमधून बाहेर पडल्या आणि त्यांचा थकवा खरंच उतरला, जवळपास ९ गुणांनी. प्रश्नावलीने तो पकडला, हे तिच्या बाजूचं आहे. उलट ज्या ८ जणींचा थकवा वाढला असता त्या नेमक्या मोजणीतून गळल्या. त्या असत्या तर सरासरी इतकी उतरली नसती, पण सहसंबंध मात्र आणखी खाली गेला असता, कारण काही वर गेल्या असत्या आणि काही खाली.

म्हणजे तुमचं पंधरा दिवसांचं अंतर पुस्तकात बसणारं होतं, पण रोस्टरच्या चक्राशी तंतोतंत जुळलं. पहिल्या वेळी नाईटला असलेल्या प्रत्येकीची पाळी बदलण्याची हमीच त्यात होती.

अक्षांश

मग सरळ २७ जणींचा ०.८७ लिहा ना. स्थिर गट तोच आहे.

तागडी

एकटा तोच लिहू नये. निकाल पाहिल्यानंतर माणसं वगळली की आकडा सुधारणारच, आणि परीक्षकाला ते लगेच खटकेल. ३८ जणींचा आणि २७ जणींचा, दोन्ही लिहा, वगळण्याचं कारण रोस्टर आहे हे लिहा आणि ते नंतर सुचलं हेही लिहा. पुढच्या वेळी दुसऱ्या फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न जोडा: "मागच्या वेळेपेक्षा तुमचा थकवा कमी, तेवढाच की जास्त?" मग स्थिर कोण हे त्यांच्याच तोंडून कळेल.

शिवाय नमुना लहान आहे. ३८ जणींवरच्या ०.८१ चा ९५ टक्के विश्वासांतराल ०.६६ ते ०.९० आहे. २७ जणींवरच्या ०.८७ चा ०.७३ ते ०.९४. दोन्ही एकमेकांवर भरपूर चढलेले. "०.७० च्या वर आहे" हे वाक्य ३८ जणींच्या बाबतीत छातीठोकपणे म्हणता येत नाही.

रेघोटी

मग अंतर किती ठेवायचं? आठवणीचा प्रश्न तर राहतोच.

तागडी

इथे प्रश्नांतले "गेल्या सात दिवसांत" हे शब्दच वाट दाखवतात. तीन दिवसांनी परत विचारलं तर दुसऱ्या वेळच्या सात दिवसांतले चार पहिल्या वेळी मोजलेलेच असतात. सात दिवसांपेक्षा कमी अंतर ठेवलं की तोच काळ दोनदा मोजला जातो आणि सहसंबंध फुगतो. पाळी पंधरा दिवसांची आहे. तेव्हा पाळीच्या सातव्या दिवशी ड्युटी संपताना पहिला फॉर्म आणि चौदाव्या दिवशी दुसरा. दोन्ही आठवडे एकाच पाळीत बसतात आणि एकमेकांवर येत नाहीत. नाईटवाल्यांना रात्रीच गाठा, म्हणजे त्या गळणार नाहीत.

सात दिवसांत १६ उत्तरं विसरली जातात का, यावर मी पैज लावणार नाही. २००३ मध्ये मार्क्स आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या रुग्णांवर दोन दिवस आणि दोन आठवडे अशी दोन अंतरं तपासली, त्यांना विश्वासार्हतेत लक्षणीय फरक दिसला नाही. पण ती गुडघ्याच्या तक्रारींची प्रश्नपत्रकं होती. थकव्याला ते जसंच्या तसं लागू होईल असं मी धरणार नाही.

रातपाळी

मी स्वतः वॉर्डमध्ये आहे. नाईटची पहिली रात्र आणि बारावी रात्र यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. थकवा साठत जातो. सातव्या आणि चौदाव्या दिवशी तुम्हाला तेच माणूस मिळणार नाही.

तागडी

हे मला सुचलं नव्हतं, आणि मुद्दा वजनदार आहे. मग नाईटवाल्यांचा निकाल वेगळा काढावा लागेल, आणि मुख्य दावा दिवसपाळीवर ठेवावा.

सायंतारा

एक शेवटचं. प्रश्नावली पुढे विश्रांतीच्या एका उपक्रमाच्या आधी आणि नंतर वापरायची आहे. एखादीचे गुण ६ ने कमी झाले तर ती सुधारली म्हणायचं का?

तागडी

एकटीबद्दल नाही म्हणता येणार. तुमच्या ३८ जणींच्या फरकांचं प्रमाण विचलन ५.५ च्या आसपास येतं. त्याला १.९६ ने गुणलं की जवळपास ११. म्हणजे एका व्यक्तीचे गुण ११ पेक्षा कमी हलले तर ती हालचाल निव्वळ मोजणीतली असू शकते. फक्त २७ जणी घेतल्या तर फरकांचं विचलन ४.४ च्या आसपास येतं आणि ही मर्यादा ९ च्या जवळ उतरते. गटाची सरासरी मात्र यापेक्षा लहान बदलही दाखवू शकते. परीक्षकांना ०.८१ पेक्षा हा ११ चा आकडा समजावून सांगा, तो वॉर्डच्या भाषेत आहे.

अक्षांश

पण दोन्ही वेळा दिवसपाळीत असलेल्या २७ जणींचे १.५ गुण का उतरले? त्यांची तर पाळी बदलली नाही.

तागडी

त्रासाबद्दल विचारणाऱ्या प्रश्नावल्यांमध्ये दुसऱ्यांदा भरताना गुण थोडे खाली सरकताना दिसतात. इथे तेच असेल किंवा निव्वळ योगायोग. टी-टेस्ट लावली तर पी ०.०९ च्या आसपास येईल, त्यावरून कुठलीही बाजू घेता येत नाही.

सायंतारा

गाईडशी बोलले. दिवसपाळीवर सात दिवसांच्या अंतराने पुन्हा एक फेरी घेणार, तुलनेचा प्रश्न जोडून. नाईटचा गट वेगळा, तो कधी जमेल माहीत नाही. १.५ परत येतात का ते इथेच कळवीन.