मदत हवी आहे: घरच्या पोह्यांच्या प्लेटचे मॅक्रो कसे धरायचे? तेल, दाणे, बटाटा सगळंच अंदाजे

गंगापूररोडकर
ॲपमध्ये 'पोहे' शोधलं की एका नोंदीत १८० कॅलरी दिसतात, दुसरीत ४१०. घरी आई करते आणि मोजून काहीच घालत नाही. थोडं तेल, मूठभर दाणे, एक बटाटा. माझ्या प्लेटचे मॅक्रो किती धरू? आज रात्री ट्रेनरला आठवड्याचा तक्ता पाठवायचाय, जरा लवकर सांगा.

काटेकोर
कोरडे पोहे किती होते? किती जणांचे केले? 'थोडं तेल' म्हणजे पळीने की बाटलीतून थेट? एवढं कळल्याशिवाय कुणी आकडा सांगितला तर तो हवेतलाच. आणि त्या दोन नोंदींत १०० ग्रॅम तयार पोहे आहेत, कोरडे पोहे आहेत की अख्खी प्लेट, ते बघा. बहुतेक फरक तिथलाच निघेल.

सातपूरचा_पैलवान
भाऊ, सरळ बटाटा बंद कर. सगळे कार्ब्स त्यातच असतात. बटाट्याऐवजी मटार घाल, प्रश्न मिटला.

गंगापूररोडकर
बटाटा बंद करायचा नाहीये, मोजायचा आहे. कोरडे पोहे साधारण २०० ग्रॅम, अर्ध्या किलोच्या पुड्यातले अर्ध्याला थोडे कमी. तिघांचे. तेल पळीने, तीन पळ्या. कांदा एक मोठा.

मीनलताई
तेलाचं एक लक्षात घ्या, घातलेलं सगळं तेल पोटात जात नाही. बरंचसं कढईलाच राहतं, म्हणून मी नेहमी निम्मं धरते.

काटेकोर
मीनलताई, तळणीत तुमचं बरोबर आहे, तिथे उरलेलं तेल आपण काढून ठेवतो. फोडणीत मात्र तेल कांद्याला, दाण्यांना लागतं आणि पोहे ते ओढून घेतात. शंका असेल तर कढई आधी रिकामी असताना आणि पोहे काढून झाल्यावर, अशी दोनदा वजन करून बघा. चिकटलेल्या पोह्यांसकट फरक थोड्या ग्रॅमांचाच येतो. निम्मं धरलंत तर तीन पळ्यांत दीडशे कॅलरी कागदावरून गायब होतील.

गंगापूररोडकर, आता एक काम करा. तीच पळी पाण्याने भरा, आई जेवढी भरतात तेवढीच, आणि ते पाणी काट्यावर मोजा. तेल पाण्यापेक्षा थोडं हलकं असतं, म्हणून आलेल्या आकड्याला ०.९२ ने गुणा. दाण्यांचंही तसंच. आईंनाच एक मूठ वाटीत टाकायला सांगा आणि मोजा. तुमची मूठ चालणार नाही.

गंगापूररोडकर
पळीत १२ ग्रॅम पाणी. दाणे ४० ग्रॅम. त्याच मापाचा बटाटा सोलून १००, कांदाही १००च्या आसपास.

काटेकोर
मग अख्ख्या कढईचा हिशोब असा:

कोरडे पोहे २०० ग्रॅम: ७०० कॅलरी
तेल ३३ ग्रॅम: साधारण ३००
दाणे ४० ग्रॅम: २२५
बटाटा १०० ग्रॅम: ७५ ते ८०
कांदा: ४०

कढईत १३४० च्या आसपास. प्रोटीन २६, फॅट ५५, कार्ब्स १८५. फॅटमध्ये तेलाचे ३३ आणि दाण्यांचे २०, म्हणजे जवळजवळ सगळं या दोघांचंच. पैलवानदादा, कार्ब्समध्ये बटाट्याचे फक्त १७ आहेत, पोह्यांचे दीडशेच्या वर. बटाटा काढून तेवढाच मटार घातला तर कॅलरी जवळपास तेवढ्याच राहतील.

सातपूरचा_पैलवान
मटारात प्रोटीन तर जास्त आहे ना? मग बदल फायद्याचाच.

काटेकोर
आहे, १०० ग्रॅममागे तीनेक ग्रॅम जास्त. तिघांत वाटले की एकेक ग्रॅम. प्रश्न मोजण्याचा आहे, तेवढ्यासाठी पाककृती बदलायला नको.

इंदिरानगरच्या_काकू
मला मधुमेह आहे. पोहे खाल्ले की दोन तासांनी साखर वाढलेली दिसते. दाणे जास्त घातले तर चालतील का? आणि पोहे पातळ घ्यावेत की जाड?

मीनलताई
काकू, तुम्ही वेगळा धागा काढा, इथे उत्तरं हरवतील. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांनाही विचारा. पातळ-जाडाचं मात्र इथेही कामाला येईल: वाटीने मोजलंत तर पातळ पोहे वजनाला खूप कमी भरतात, जाडे जास्त. ग्रॅममध्ये मोजलंत तर दोन्ही सारखेच.

गंगापूररोडकर
कढईचं कळलं. पण तिघांचे म्हणून तीनने भागू का? मी सगळ्यांपेक्षा जास्त खातो.

काटेकोर
भागू नका. गॅस बंद केल्यावर पोह्यांसकट कढई मोजा आणि रिकाम्या कढईचं वजन वजा करा. मग तुमची प्लेट मोजा. समजा तयार पोहे ६०० ग्रॅम भरले आणि प्लेटमध्ये २४० आले, तर तुमचा वाटा ४० टक्के: साधारण ५३५ कॅलरी, प्रोटीन १०, फॅट २२, कार्ब्स ७४. मोजायच्या आधी तळापासून नीट हलवा, कारण दाणे खाली बसतात आणि शेवटी वाढून घेणाऱ्याच्या वाट्याला येतात.

भिजवलेले पोहे मोजून कोरड्यांच्या नोंदीत टाकू नका. धुऊन निथळेपर्यंत वजन दुपटीच्या आसपास जातं, ते सगळं पाणीच असतं.

आता अंदाज किती चुकू शकतो ते बघा. एक पळी तेल कमी-जास्त झालं तर तुमच्या प्लेटमध्ये ४० कॅलरींचा फरक. पोहे २० ग्रॅमने चुकले तर २८. दाणे १० ग्रॅमने चुकले तर २३. बटाटा तब्बल ४० ग्रॅमने चुकला तरी १२. सगळं एकाच दिशेला चुकणं विरळा, म्हणून ४८० ते ५९० अशी पट्टी धरा. काटा एकदाच हातात घेणार असाल तर तेलासाठी घ्या. बाटली काट्यावर ठेवून काटा शून्य करा, फोडणी टाका, बाटली परत ठेवा. उणे जो आकडा दिसेल तेवढं तेल गेलं.

सातपूरचा_पैलवान
माझ्या मते नेहमी वरचाच आकडा धरावा. ५९० लिहा, म्हणजे जास्त खाल्लं जाणार नाही.

मीनलताई
मला पटत नाही. रोज ५५ जास्त लिहिलं आणि वजन उतरलं नाही, तर चूक नोंदीत आहे की खाण्यात, हे ट्रेनरला कळणारच नाही. मधला आकडा लिहावा आणि रोज तसाच लिहावा.

काटेकोर
मीही मधलाच लिहीन. आणखी एक: राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. कुणी तो आकडा तसाच कॅलरी म्हणून ॲपमध्ये भरला असेल तर नोंद चौपट फुगते. १०० ग्रॅम कोरड्या पोह्यांना साडेतीनशेच्या खूप वर काही दिसलं तर ती नोंद वापरू नका.

गंगापूररोडकर
५३५ टाकतो. वरून शेव आणि ओलं खोबरं असतं, ते सांगायचं राहिलं.

काटेकोर
हे आधी सांगायला हवं होतं. १५ ग्रॅम शेव म्हणजे ऐंशीच्या आसपास, १० ग्रॅम ओलं खोबरं पस्तीस. दोन्ही तुमच्या प्लेटमध्येच पडतात, त्यामुळे कढईच्या हिशोबात न धरता वेगळी लिहा. शेव चिमटीने किती पडते तेही एकदा मोजून घ्या.

गंगापूररोडकर
म्हणजे ६५० झाले! बरं, रविवारी कॉलेज रोडला गाडीवरचे तर्री पोहे खातो, त्यांचं काय धरायचं? तिथे काटा नेता येणार नाही.

मीनलताई
पार्सल घेऊन घरी मोजा, तर्री वेगळ्या पिशवीत मागा. थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवली की वर तेलाचा थर जमतो, तो चमच्याने काढून मोजता येतो.

काटेकोर
तर्रीचं ठीक. पण पोह्यांच्या फोडणीत किती तेल आहे ते त्यातून कळत नाही, आणि गाडीवर दाणेही कमी-जास्त असतात. गाडीवर कधी काम केलेलं कुणी इथे असेल तर एका किलो पोह्यांना किती तेल जातं ते सांगावं.